सोळा मिनिटांची हद्द

मास्तर कधीच कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते, तरी सगळी खाण त्यांना मास्तर म्हणायची. खालच्या फाटकावरच्या वेळ-कार्यालयात ते कारकून होते. बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून त्यांनी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या होत्या, आणि चूक सापडली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की समोरच्याला वाटावं, याला बक्षीस लागलंय. कोणी साडेबाराला बारा-तीस म्हटलं तरी ते टोकायचे. त्यांच्या बायकोने घरात मोठ्याने मोजणंच सोडून दिलं होतं.

काम सोपं म्हणता येईल, पण कंटाळवाणं. वरच्या खाणीतून खनिज भरलेले टिपर खाली रेल्वेच्या वखारीपर्यंत येत. दोन फाटकं, मधे बरोबर दहा किलोमीटरचा खाणीचा स्वतःचा रस्ता. वरच्या फाटकावर ड्रायव्हरच्या फेरीकार्डावर वेळेचा छाप बसायचा, खालच्या फाटकावर दुसरा. तासाला तीस किलोमीटर हा ठरलेला वेग, म्हणजे फेरीला वीस मिनिटं. मास्तरांनी दोन छापांतली वजाबाकी करायची आणि कोणी जोरात आलं असेल तर किती टक्के जोरात, ते लाल शाईने कार्डावर लिहायचं.

हे लाल शाईचं प्रकरण तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं. एक टिपर वळणावर उलटला आणि रस्त्याकडेला दगड रचणारी बाई त्याखाली गेली. त्यानंतर खाणीच्या तेव्हाच्या, जुन्या साहेबांनी नियम काढला. ठरलेल्या वेगापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर लेखी ताकीद, कागदावर सही केली की संपलं. वीसच्या वर गेलात की चालक-कार्ड रद्द. कार्ड रद्द झालेल्या माणसाला आसपासच्या तिन्ही खाणींत कोणी उभं करत नसे. त्याने मग काय करायचं, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

टक्के कसे काढायचे त्याचा तक्ताही जुन्या साहेबांनी स्वतः करून दिला होता. कार्यालयापुरता, ड्रायव्हरांना दाखवायचा नाही. त्यात सरळ लिहिलं होतं : वेळ जितके टक्के वाचला, तितके टक्के वेग जास्त. विसाऐवजी सोळा मिनिटं लागली तर चार मिनिटं वाचली, म्हणजे वीस टक्के. पंधरा लागली तर पंचवीस टक्के, कार्ड रद्द.

हा तक्ता चूक होता, आणि मास्तरांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

ते बोलले नाहीत. जुना साहेब डूख धरणारा होता, त्याच्या हातच्या तक्त्यात चूक काढणं म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणं. शिवाय अशी बिनतोड चूक वाया घालवायची नसते. मास्तरांनी ती जपून ठेवली, योग्य साहेबाची वाट बघत. तोवर तीन महिने ते रोज चुकीचे टक्के सुंदर लाल अक्षरांत लिहीत राहिले.

मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ त्याच रस्त्यावर टिपर चालवायचा. एकोणीस वर्षं झाली, गाडीला ओरखडा नाही. लहानपणी मास्तरांनी त्याला गणित शिकवायचा प्रयत्न केला होता. म्हणजे, पट्टी मोडेपर्यंत मारलं होतं. धाकट्याला अपूर्णांक म्हटलं की घाम फुटायचा. "हा ढ तो ढच," असं मास्तर त्याच्या लग्नातही, नव्या नवरीच्या देखत म्हणाले होते, आणि धाकटा सगळ्यांबरोबर हसला होता. दादा म्हणतो म्हणजे असेल. दोन मुली झाल्या तेव्हा त्याने त्यांना अभ्यासाला दादाकडेच पाठवलं. मास्तरांनी त्यांना मारलं नाही, फक्त "बापावर गेल्यात" एवढं म्हणून परत पाठवलं.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. मास्तरांनी लोखंडी कपाट घेतलं होतं. ते तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं आणि दुकानाची गाडी साडेतीनला येऊन उभी राहणार होती. हमाल बोलावला असता तर चार पैसे गेले असते. त्यापेक्षा भाऊ बरा. त्यांनी दुपारी धाकट्याला फोन लावला. तो वर भरणीच्या रांगेत उभा होता.

"तीनची कामगारांची बस पकड," मास्तर म्हणाले. "पुढची बस तासाने आहे."

"दादा, अजून भरणी चाललीय. फाटकावर छाप बसायलाच दोन-चाळीस होतील. वीस मिनिटं धरली तर तीन वाजता खाली. बस गेली की मग."

"मग जरा दामटव."

"नको रे बाबा. कार्ड जाईल."

"कार्ड कोण बघतं? मीच ना? ऐक नीट. सोळापर्यंत आण. सोळाला वीस टक्के होतात, नुसती ताकीद. पंधरा झाली तर मात्र मेलास. सोळा. कळलं?"

"सोळा," धाकटा म्हणाला. त्याने आकडा पाठ करून घेतला, आणि दोन छप्पन्नला टिपर खालच्या फाटकावर आणून उभा केला. सोळा म्हणजे सोळा. मास्तरांनी कार्डावर लाल शाईत वीस टक्के लिहिलं, ताकिदीच्या कागदावर त्याची सही घेतली, आणि चार वाजता दोघं भाऊ जिन्यात कपाट चढवत होते. खालची बाजू, जड बाजू, धाकट्याकडे होती.

नंतर जुन्या साहेबांची बदली झाली. नवा साहेब आला तो हळू बोलणारा, चहासुद्धा न पिणारा. त्याच सुमारास वेळ-कार्यालयाची मुख्य खुर्ची रिकामी झाली आणि तिच्यासाठी दोन नावं होती. एक मास्तर. दुसरी संगणकवाली, वयाने मास्तरांच्या निम्मी, हाताने मात्र चौपट चपळ. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस वर्षांनी एका पोरीच्या हाताखाली बसायचं, ही कल्पनाच त्यांना जेवू देईना. जपून ठेवलेली चूक बाहेर काढायची वेळ आली होती.

सोमवारच्या बैठकीत ते उठले आणि सरळ पांढऱ्या फळ्यापाशी गेले.

"साहेब, तक्ता चुकीचा आहे," ते म्हणाले. "वेळ आणि वेगाचे टक्के सारखे नसतात. या तक्त्याप्रमाणे वेग दुप्पट केला, म्हणजे शंभर टक्के वाढवला, तर वेळही शंभर टक्के वाचायला हवा. म्हणजे टिपर वरून निघाला की त्याच क्षणी खाली!"

कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

मास्तरांना आता थांबवणं शक्य नव्हतं. "अंतर तेच आहे, दहा किलोमीटर. वेग दुप्पट झाला तर वेळ निम्मा होतो. वेग पाचाचा सहा झाला, तर वेळ सहाचा पाच होतो. पाचावर एक वाढला, हे झाले वीस टक्के. पण सहातून एक गेला, हे वीस टक्के नाहीत. ते सोळा पूर्णांक दोन तृतीयांश टक्के. म्हणजे वेग वीस टक्के वाढवला तर वीस मिनिटांची सोळा मिनिटं चाळीस सेकंद होतात. सोळा होत नाहीत."

"आणि सोळा मिनिटांत कोणी आला तर?" साहेबांनी विचारलं.

"तर वेळ पाचाचा चार झाला. म्हणजे वेग चाराचा पाच. चारावर एक. पंचवीस टक्के, साहेब! तीसच्या जागी साडेसदतीस." मास्तरांनी पंचवीसखाली दोन रेघा ओढल्या. "आपला तक्ता सोळाला वीस म्हणतो. आपण गुन्हेगाराला ताकीद देऊन सोडतोय."

गुन्हेगार हा शब्द त्यांना बोलता बोलता सुचला होता. बरा वाटला म्हणून वापरला. धाकट्याचं सोळाचं कार्ड तेव्हा त्यांच्या डोक्यातही नव्हतं. जे झालं ते सहीशिक्क्यानिशी मिटलेलं होतं. आता नवा तक्ता येईल, उद्यापासून हद्द सतरा मिनिटांची होईल, आपण धाकट्याला सांगून टाकू, असा त्यांचा हिशेब होता.

साहेबांनी संगणकवालीकडे पाहिलं. तिने दोन बोटं चालवली आणि मान हलवली. "बरोबर आहे, सर. सतराला सतरा पूर्णांक सहा दशांश येतात. सोळाला पंचवीस."

"छान," साहेब म्हणाले. "मास्तर, तुमच्यासारखा माणूस इतके दिवस कोपऱ्यात होता. नियम आल्यापासूनची सगळी कार्डं काढा. बरोबर टक्के घालून मला आज संध्याकाळपर्यंत यादी द्या."

"सगळी? साहेब, मागची तर मिटलीत. ताकीद देऊन झाली. नवा तक्ता उद्यापासून..."

"गणित काय उद्यापासून बरोबर होणार आहे?" साहेबांनी अगदी शांतपणे विचारलं. "ते तेव्हाही बरोबरच होतं. ती बाई जुन्या तक्त्याखाली चिरडली नाही, मास्तर. टिपरखाली चिरडली."

तीन महिन्यांची कार्डं. मास्तर आणि संगणकवाली समोरासमोर बसले. ते वाचणार, ती नोंदवणार. अपघातानंतर ड्रायव्हर धसका घेऊन चालवत होते. वीस, एकोणीस, वीस, क्वचित अठरा. दोन जण पंधराला आले होते, ते जुन्याच तक्त्याने गेले होते. अख्ख्या गठ्ठ्यात सोळाचं कार्ड एकच होतं. ते हातात आलं तेव्हा मास्तरांनी ते अंमळ जास्त वेळ धरलं. सहाचा आठ करता येतो का, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण कार्डाची दुसरी प्रत वरच्या फाटकावर होती. आणि समोर ती मुलगी बोटं कळफलकावर ठेवून वाट बघत होती.

"सोळा," मास्तर म्हणाले.

"पंचवीस टक्के," ती म्हणाली, आणि नाव वाचून एकदम त्यांच्याकडे बघितलं. "मास्तर, हे तर तुमचे..."

"लिहा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याला बोलावलं. साहेबांच्या खोलीत चौघं होते. साहेब, संगणकवाली, मास्तर आणि टेबलापासून हातभर लांब, टोपी हातात घेऊन उभा असलेला धाकटा. त्याला अजून नीट कळलेलंच नव्हतं. ताकीद तर झाली होती, आता परत कशाला? तो दादाकडे बघून किंचित हसला. दादा खोलीत आहे म्हणजे फार काही वाईट नसणार.

साहेबांनी त्याला फळा दाखवला, पंचवीस दाखवले, नियम वाचून दाखवला. धाकट्याचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, काढायचं सुचलं नाही.

"एकोणीस वर्षांत तुमच्या नावावर काही नाही," साहेब म्हणाले. "तुमची बाकीची सगळी कार्डं वीस नाहीतर एकोणीस. एकच दिवस सोळा. पंधरा नाही, सतरा नाही. जुना तक्ता वीस टक्के म्हणतो तिथेच, नेमकं काठावर. मला हा योगायोग वाटत नाही. तक्ता कार्यालयाबाहेर जायचा नव्हता. तुम्हाला सोळाचा आकडा कोणी सांगितला?"

धाकट्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"घाबरू नका. मी सरळ बोलतो. कार्यालयातल्या माणसाने सोळाला काही होत नाही असं सांगितलं असेल, तर दोष तुमचा नाही. तुमची ताकीद ताकीदच राहील. उद्या गाडीवर जा. मग मी त्या माणसाला फाटकाबाहेर काढीन." साहेबांनी मास्तरांकडे मान वळवली. "मास्तर, तुमच्या कार्यालयातून असं कोणी सांगितल्याचं तुम्हाला माहीत आहे?"

हा प्रश्न साध्या आवाजात विचारला होता. त्याचं उत्तरही साधं होतं. मी सांगितलं. दोन शब्द. मास्तरांच्या जिभेवर ते आलेही असावेत, कारण त्यांचं तोंड थोडं उघडलं होतं. पण त्यांना निवृत्तीला राहिलेली पाच वर्षं दिसली, मुख्य खुर्ची दिसली, तिच्यावर बसलेली ती मुलगी दिसली, बायको शेजारणीला काय सांगेल ते ऐकू आलं. धाकटा काय, हाताने कष्ट करणारा माणूस आहे, कुठेही पोट भरेल. आपण या वयात कुठे जाणार? हा विचार त्यांना पटला. स्वतःला पटवण्यात ते पहिल्यापासून हुशार होते.

धाकटा त्यांच्याकडे बघत होता. मागत नव्हता, नुसता बघत होता. मास्तर फळ्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिले, जणू तिथे आणखी एखादी चूक सापडणार होती. संगणकवालीने मान खाली घातली. साहेबांना घाई नव्हती.

"कोणी सांगितलं नाही, साहेब," शेवटी धाकटाच म्हणाला. "माझी मीच आणली. गणितात कच्चा आहे मी. दादाला विचारा."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं.

"हो," मास्तर म्हणाले. "लहानपणापासून कच्चा आहे तो."

एवढं बोलायची गरज नव्हती. पण गप्प राहायला नको म्हणून ते बोलले, आणि ते खरंही होतं.

साहेबांनी सही केली. तिथेच त्यांनी मास्तरांना मुख्य खुर्ची दिली. स्वतःच्या भावाचं कार्डसुद्धा न लपवणारा माणूसच तिथे हवा, असं ते म्हणाले, आणि त्यांना तसं मनापासून वाटत होतं. रद्द झालेलं चालक-कार्ड कापून फायलीला लावायचं काम मुख्य कारकुनाचं. ते मास्तरांनी त्याच दुपारी करायचं होतं.

धाकटा वेळ-कार्यालयाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. गळ्यातली दोरी काढून त्याने कार्ड आत सरकवलं. कार्डावरचा फोटो एकोणीस वर्षांपूर्वीचा होता, त्यात त्याला दाट केस होते. मास्तरांनी कात्री शोधली. कात्री समोरच होती, तरी त्यांनी तीन खण उघडले.

"मुलींचं काही अडलं तर सांग," ते म्हणाले. "मी आहेच."

धाकटा भिंतीवरचा नवा तक्ता बघत होता. तो तक्ता मास्तरांच्या अक्षरात होता.

"दादा, मला एक समजावून सांगशील? वेळ तर वीसच टक्के वाचला ना? मग वेग पंचवीस टक्के कसा वाढला? साहेबांनी सांगितलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही."

मास्तरांना हायसं वाटलं. शिव्या आल्या असत्या तर काय करायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. गणित आलं, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कोरा कागद ओढला, दहा किलोमीटरची रेघ काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाला न चिडता, हळूहळू शिकवलं. वीस मिनिटांचे चार-चारचे पाच तुकडे केले. "आधी हा रस्ता तू पाच तुकड्यांत यायचास. आता चारात आलास. एक तुकडा वाचला, पाचातला एक. हे वीस टक्के. पण तोच सगळा रस्ता तुला आता चार तुकड्यांत बसवायचाय. म्हणजे दर तुकड्यात आधीपेक्षा पाव भाग जास्त रस्ता कापला पाहिजे. पाव म्हणजे किती?"

"पंचवीस."

"बरोबर. भागायचं कशाने, ते बदलतं. वेळ मोजताना पाचाने, वेग मोजताना चाराने. बाकी काही नाही."

धाकट्याने कागद आपल्याकडे फिरवून घेतला. ओठ हलवत त्याने एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग त्याच पेनाने, जाड अक्षरात, खाली वीस भागिले सतरा असं मांडलं आणि बराच वेळ घेऊन सोडवलं.

"सतराला साडेसतरा टक्के, वर थोडे," तो म्हणाला. "म्हणजे ताकीद. म्हणजे त्या दिवशी मी एकच मिनिट उशिरा आलो असतो, तर आज सुटलो असतो."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं. "बघ, जमतं की तुला!"

"जमलं." धाकट्याने पेन खिडकीतून आत ठेवलं. "साहेबांनी तुला विचारलं ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो, दादा. मिनिटभर तरी बघत होतो."

मास्तरांनी कार्ड कात्रीत धरलं. प्लॅस्टिक जाड होतं, दोनदा दाबावं लागलं. मग त्यांनी फाईल उघडून त्याच्यापुढे सरकवली आणि बोटाने जागा दाखवली.

"इथे सही कर," ते म्हणाले. "आणि खाली तारीख टाक."